घाईतल्या बातमीतला नुक्ता आणि फारसी-अरबी शब्दांचे लेखन

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकत्र येतात. अपघात, वाहतूककोंडी, चोरी, जप्ती अशा बातम्या या चौकातून रात्री-अपरात्री येतच असतात आणि पान सुटण्याच्या वेळेशी त्यांची शर्यत चालते. या बातम्यांच्या भाषेत फारसी-अरबी मूळ असलेले शब्द पदोपदी भेटतात, कारण पोलिसांची आणि कचेरीची मराठी त्यांच्यावरच उभी आहे. इसम, फिर्याद, जबाब, हद्द, दाखल, जप्त, अंमलदार, शिपाई, गुन्हा, जामीन हे सगळे शब्द त्याच वाटेने आलेले आहेत. ते मराठीत शतकानुशतके रुळले असल्याने त्यांचे लेखनही ठरलेले आहे. तरीही घाईत लिहिलेल्या मजकुरात सर्वाधिक डगमगतात ते हेच शब्द.

डगमगण्याचे कारण बहुतेक वेळा हिंदीत सापडते. वृत्तसंस्थेचा मजकूर हिंदीतून येतो, वाहिनीवरची पट्टी हिंदीत असते, मोबाइलवरचा कळफलक हिंदी शब्द सुचवतो. हिंदीत क़, ख़, ग़, ज़, फ़ ही अक्षरे उर्दूतले उच्चार दाखवण्यासाठी खाली टिंब देऊन लिहिण्याची रीत आहे. या टिंबाला नुक्ता म्हणतात. प्रमाण मराठी लेखनात हा नुक्ता नाही. मराठीचा ज मुळातच दोन उच्चारांचा आहे: ‘जर’ आणि ‘जोर’मधला दंततालव्य, ‘जीव’ आणि ‘जिल्हा’मधला तालव्य. वाचणारा तो फरक शब्दावरूनच ओळखतो, त्यासाठी त्याला टिंब लागत नाही. काही कोशांत आणि व्याकरणांत उच्चार दाखवण्यापुरता ज किंवा च खाली नुक्ता देतात, पण ती अभ्यासकाची खूण आहे. बातमीत तिला जागा नाही.

यावरून उपसंपादकाला पहिला उपाय सुचतो तो नुक्ता पुसून टाकण्याचा. तेवढ्याने काम भागत नाही, हे एका नमुन्यावरून स्पष्ट होईल. पुढील मजकूर समजावण्यासाठी रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक चूक रोज दिसणारी आहे.

‘द्वारका चौकात सोमवारी रात्री भरधाव ट्रकच्या धडकेत एक इसम ज़ख्मी झाला. त्याला झाकिर हुसैन रुग्णालयात दाखिल करण्यात आले. फरियादीचा जवाब नोंदवून पोलिसांनी ट्रक व दस्तावेज ज़ब्त केले. चालकाची ज़मानत मंजुर झाली असून दुसऱ्या चालकाचा शोध सुरू आहे.’

यातले नुक्ते पुसले तर ‘जख्मी’, ‘जब्त’ आणि ‘जमानत’ हाती लागतात. बातमीच्या मराठीत हे तिन्ही चुकीचेच ठरतात. नुक्ता हा शब्दावर पडलेला डाग नसून तो शब्द हिंदीतून आत आल्याची खूण आहे, म्हणून तो दिसला की टिंबापाशी न थांबता अख्खा शब्द तपासावा लागतो. मराठीत ‘जखमी’ होतो, कारण ख्म हे जोडाक्षर मराठीने मोकळे केले. ‘जप्त’ होतो, कारण ब चा प झाला. ‘हफ्ता’ऐवजी ‘हप्ता’ आणि ‘दफ्तर’ऐवजी ‘दप्तर’ हीदेखील मराठीची स्वतःची रूपे आहेत. ‘दाखिल’चे ‘दाखल’, ‘फरियादी’चा ‘फिर्यादी’, ‘जवाब’चा ‘जबाब’, ‘दस्तावेज’चा ‘दस्तऐवज’ होतो. ‘किंमत’, ‘हिंमत’, ‘अंमल’ यांत तर मराठीने अनुस्वारही घातला आहे. तो मूळ भाषेत शोधून सापडणार नाही, तरी तो गाळणे चूकच.

या रूपांना मुळाकडे परत नेण्याचा मोह काही जाणकारांनाही होतो. तो टाळलेला बरा. महाराष्ट्रातल्या असंख्य गावांच्या नावापुढे ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ लागते. यातला ‘बुद्रुक’ फारसी ‘बुज़ुर्ग’पासून आला, पण सातबाऱ्यावर कोणी ‘बुज़ुर्ग’ लिहू म्हणेल तर ते कोणालाच मान्य होणार नाही. ‘जप्त’ आणि ‘जखमी’ यांनाही तोच हक्क आहे.

नमुन्यातली ‘ज़मानत’ आणखी एक गोष्ट दाखवते. हिंदीतली जमानत स्त्रीलिंगी, मराठीतला जामीन पुल्लिंगी. शब्द बदलला आणि क्रियापद तसेच राहिले तर ‘जामीन मंजूर झाली’ असे वाक्य छापून जाते. शिवाय हिंदी वळणात जमानत चालका‘ची’ होते, मराठीत जामीन चालका‘ला’ मंजूर होतो. म्हणून शब्दाची दुरुस्ती झाल्यावर वाक्य शेवटपर्यंत पुन्हा वाचावे लागते. काही शब्दांत तर लेखन बरोबर असूनही अर्थ चुकतो. हिंदीत दोन पक्षांत ‘राज़ीनामा’ झाला म्हणजे तडजोड झाली. नुक्ता काढून तो मराठीत ‘राजीनामा’ म्हणून ठेवला तर वाचक कोणीतरी पद सोडले असे समजेल.

आता ऱ्हस्व-दीर्घाकडे. ‘मंजुर’, ‘वकिल’, ‘गरिब’, ‘तारिख’ या चुकांमागे मूळ भाषेत काय होते याचा विचार करण्याची गरज नाही. पेशवाईपर्यंतचा बहुतेक कारभार मोडीत चालला आणि मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नव्हता. त्यामुळे आज ज्याला आपण या शब्दांचे शुद्ध रूप म्हणतो, ते बाळबोध लेखनाच्या मराठी नियमांनी ठरले आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२मध्ये त्यांत चारांची भर पडून ते १८ झाले. संस्कृत तत्सम शब्द सोडता अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार किंवा उकार दीर्घ, हा त्यांतला नियम इथे लागतो: गरीब, वकील, जमीन, मशीद, मंजूर, मजूर, वसूल, महसूल. इंग्रजीतून आलेला ‘पोलीस’ही याच नियमात बसतो.

घाईत खरी चूक होते ती शब्दाला प्रत्यय लागल्यावर. सामान्यरूपात तोच स्वर ऱ्हस्व होतो: वकिलांनी, जमिनीचा, मशिदीत, मजुरांना, महसुलात, पोलिसांनी. शेवटचे अक्षर दीर्घ झाले तरीही तसेच: मंजुरी, वसुली, वकिली. पण समास झाला किंवा ‘दार’सारखा शब्द जोडला तर मूळ शब्द बदलत नाही, म्हणून जमीनदार, तहसीलदार, महसूलमंत्री यांत दीर्घ कायम राहतो. एकाच बातमीत ‘जमिनीचा’ आणि ‘जमीनदार’ शेजारी शेजारी आले तर दोन्ही बरोबर आहेत. एकसारखे करण्याच्या भरात अनेकदा त्यातला एक बिघडवला जातो. तारीख आणि जामीन हे शब्द दिसायला एकाच घाटाचे, पण ‘तारखेला’मध्ये मधला ईकार जातो आणि ‘जामिनावर’मध्ये तो ऱ्हस्व होऊन राहतो.

नुक्ता यंत्राने काढताना एक धोका संभवतो आणि तो सर्वांत जास्त नुकसान करतो. युनिकोडमध्ये नुक्त्याचे स्वतंत्र चिन्ह U+093C हे आहे. क़ ते य़ ही नुक्तायुक्त अक्षरे U+0958 ते U+095F या जागांवर अखंडही मिळतात. त्यामुळे पडद्यावर सारखाच दिसणारा ज़ आतून दोन प्रकारचा असू शकतो आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा निसटतो. याहून मोठी अडचण ‘ऱ’ची. दुसऱ्या, अधिकाऱ्यांनी, कर्मचाऱ्यांना, ऱ्हास यांतला अर्धा र युनिकोडमध्ये U+0931 म्हणून नोंदलेला आहे आणि त्याची फोड र अधिक नुक्ता अशीच होते. काही कळफलकांवर तो तसाच दोन तुकड्यांत टंकला जातो. सगळ्या मजकुरातून U+093C सरसकट उडवले, तर तुकड्यांत टंकलेले ‘दुसऱ्या’ ‘दुसर्या’ होऊन बसते आणि अरबीतून आलेली ‘तऱ्हा’ ‘तर्हा’ होते. दुरुस्तीनंतर मजकुरात ‘र्या’ आणि ‘र्हा’ शोधून पाहिले की हा अपघात लगेच कळतो. ‘कार्यालय’, ‘पर्याय’, ‘गर्हा’ असे खरे रफार तेवढे वगळायचे.

सुरक्षित मार्ग असा: मजकूर आधी युनिकोडच्या NFC रूपात आणावा. त्या रूपात अखंड ज़, फ़ वगैरे अक्षरांची फोड होते आणि ऱ मात्र जोडून अखंड होतो. मग ठरावीक अक्षरांनंतरचाच नुक्ता काढावा.

```
s = s.normalize("NFC")
     .replace(/([कखगजडढफय])\u093C/g, "$1");
```

या यादीत र नाही, म्हणून ऱ शाबूत राहतो. हे काम फक्त टिंबाचे आहे. ‘जब्त’चे ‘जप्त’ करणे माणसाच्याच हाती राहते. चंडीगढ़चा नुक्ता काढल्यावर ‘चंडीगढ’ उरते, मराठीत मात्र ‘चंडीगड’ लिहितात. आणि एखाद्या बातमीत उर्दू शेर जसाच्या तसा उद्धृत केला असेल तर त्यातले नुक्ते राहू द्यावेत. ती ओळ मराठी नाही.

विशेषनामांचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या रुळलेल्या शब्दांत z या उच्चारासाठी मराठीने ज घेतला: बाजार, नजर, वजन, हजर. अलीकडच्या नावांत झ दिसतो: झाकीर, झीनत, अझहर. ‘जीनत’ लिहिले तर मराठी वाचक तालव्य ज वाचेल, म्हणून झ ची निवड समजण्यासारखी आहे. जुन्या नाशिकच्या कथडा भागात महापालिकेचे डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी तिथे प्राणवायूच्या टाकीला गळती लागून रुग्णांचा मृत्यू झाला. या रुग्णालयाचे नाव बातम्यांत झाकीर, झाकिर, जाकीर, तर आडनाव हुसेन आणि हुसैन अशा रूपांत आढळते. जो त्या दुर्घटनेचा तपशील जुन्या अंकांत शोधेल, त्याला एका रूपाने केलेल्या शोधात निम्म्याच बातम्या मिळण्याची भीती आहे. संस्थेच्या फलकावर किंवा कागदपत्रांत जे लेखन असेल ते एकदा पाहून ठेवावे आणि दैनिकाने तेच कायम वापरावे. व्यक्तीच्या नावाबाबत ती व्यक्ती स्वतः मराठीत जसे लिहिते तसे लिहावे, मग नियम काहीही सांगो. नमुन्यातली बातमी आता अशी होते:

‘द्वारका चौकात सोमवारी रात्री भरधाव ट्रकच्या धडकेत एक इसम जखमी झाला. त्याला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात दाखल करण्यात आले. फिर्यादीचा जबाब नोंदवून पोलिसांनी ट्रक व दस्तऐवज जप्त केले. चालकाला जामीन मंजूर झाला असून दुसऱ्या चालकाचा शोध सुरू आहे.’

शब्दाचे मूळ पाहायचे असेल तर मोल्सवर्थच्या कोशात अरबी-फारसी शब्दांवर तशी खूण असते. माधव त्र्यंबक पटवर्धन अर्थात माधव ज्यूलियन यांचा फारसी-मराठी कोश १९२५ साली निघाला, तोही उपयोगी पडतो. मात्र हे दोन्ही ग्रंथ शब्द कुठून आला हे सांगण्यासाठी वापरावेत. तो आज कसा लिहायचा, हे १९६२ आणि १९७२च्या नियमांवरूनच ठरवावे.