धारोष्ण दूध आणि उकळीचं काम

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माल्टा बेटावर गवळी शेळ्यांचा कळप घेऊन दारोदार फिरत. गिऱ्हाईक भांडं घेऊन उंबऱ्यात येई आणि त्याच्यासमोर धार काढली जाई. पाण्याची भेसळ नाही, शिळेपण नाही. आपल्याकडे धारोष्ण दुधाचं कौतुक होतं, तसाच माल्टातल्या लोकांचा त्या दुधावर भरवसा होता. त्याच बेटावर ब्रिटिश सैनिक आणि नागरिक एका चिवट तापाने अंथरुणाला खिळत. ताप उतरे, पुन्हा चढे, सांधे दुखत आणि घामाने अंथरूण भिजे. हे दुखणं महिनोन्‌महिने चाले.

सैन्यातले डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये या तापाचा जंतू शोधला. तो माणसात शिरतो कुठून, हे मात्र पुढची अठरा वर्षं कळलं नाही. 1905 मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं. जवळपास निम्म्या शेळ्यांच्या रक्तात संसर्गाच्या खुणा होत्या आणि साधारण दहातली एक शेळी दुधातून जिवंत जंतू बाहेर टाकत होती. या शेळ्या दिसायला धडधाकट होत्या, म्हणूनच इतकी वर्षं त्यांच्यावर कुणाचा संशय गेला नव्हता. 1906 मध्ये सैन्याने शेळीचं दूध बंद करून डब्यातलं आटवलेलं दूध सुरू केलं आणि छावण्यांमधला ताप झपाट्याने ओसरला. कच्चं दूध पीत राहिलेल्या नागरिकांना मात्र तो पुढेही अनेक वर्षं छळत राहिला.

ब्रूस यांच्या नावावरून या जंतूला ब्रुसेला म्हणतात आणि रोगाला ब्रुसेलोसिस. तो आपल्याकडच्या गाईम्हशींतही आहे. म्हणूनच केंद्र सरकारच्या कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना त्याची लस टोचतात. गोठा लख्ख असला, सड धुतलेले असले आणि चरवी घासलेली असली, तर शेणातून येणारे जंतू कमी होतात. पण ब्रुसेला किंवा गाईच्या क्षयाचे जंतू कासेतूनच दुधात उतरू शकतात. त्यांनी दुधाचा रंग, वास किंवा चव बदलत नाही. धारोष्ण दूध ताजं असतं हे खरं, पण ताजेपणाचा आणि निर्जंतुकपणाचा संबंध नाही.

या जंतूंना मारायला उकळीचीही गरज नसते. 63 अंश सेल्सिअसला तीस मिनिटं किंवा 72 अंशांना पंधरा सेकंद दूध तापवलं की ते मरतात. डेअरीतलं पाश्चरायझेशन म्हणजे हेच. घरात तापमापक नसतो, पण दूध वर येतं तेव्हा ते या पातळीच्या बरंच पुढे गेलेलं असतं. सायीखाली फेस अडकल्यामुळे ते जरा लवकर उतू जाऊ पाहतं. म्हणून आच मंद करावी, पळीने ढवळावं आणि आणखी दोन-तीन मिनिटं उकळू द्यावं.

उकळताना दुधातून जातं काय? ब-1, ब-12, फोलिक आम्ल आणि क जीवनसत्त्व यांचा काही भाग जातो. क तर दुधात मुळातच कमी असतं. कॅल्शियम नाहीसं होत नाही, थोडं फक्त पातेल्याच्या बुडाला चिकटतं. पाण्यात विरघळणाऱ्या काही प्रथिनांची घडी उलगडते. तापवलेल्या दुधाचा वास त्यातूनच येतो, पण त्यांचं पोषण टिकतं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, कच्च्या आणि उकळलेल्या दुधात जवळपास सारखीच असते. त्यामुळे ज्याला दूध पचत नाही, त्याला कच्चं दूध पचेल ही समजूत चुकीची आहे. नुकसान वाढतं ते दिवसातून चार-चार वेळा उकळत राहिल्याने. एकदा नीट उकळावं, लवकर निववून झाकून फ्रिजमध्ये ठेवावं आणि लागेल तेवढंच काढून गरम करावं. सीलबंद आणि सतत थंड राहिलेल्या पिशवीतलं दूध आधीच पाश्चराइज केलेलं असतं, त्यामुळे जंतूंसाठी ते पुन्हा उकळण्याची गरज नसते.

उकळीला मर्यादाही आहेत. काही जंतूंचे बीजाणू उकळीतून वाचतात आणि ओट्यावर राहिलेल्या कोमट दुधात पुन्हा वाढू लागतात. स्टॅफिलोकॉकस जंतू मरतो, पण त्याने आधीच सोडलेलं विष उकळूनही उरतं. म्हणून उन्हाळ्यात तासन्‌तास तसंच राहिलेलं दूध नंतर उकळल्याने निर्धोक होत नाही. बुरशी लागलेल्या पेंडीतून दुधात उतरणारं अफ्लाटॉक्सिन, जनावराला दिलेल्या प्रतिजैविकांचे अंश आणि भेसळीचा युरिया यांवरही उकळीचा इलाज चालत नाही. त्यांचा बंदोबस्त गोठ्यातच करावा लागतो: पेंड कोरडी ठेवायची आणि औषध चालू असलेल्या जनावराचं दूध पशुवैद्यक सांगतील तितके दिवस वेगळं काढायचं.

कच्चं दूध पिणाऱ्या किंवा जनावरांच्या विण्याला हात लावणाऱ्या माणसाला रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम आणि कंबरदुखी सुरू झाली, तर त्याने डॉक्टरांना या दोन्ही गोष्टी आपणहून सांगाव्यात. ब्रुसेलोसिसची लक्षणं टायफॉइड किंवा क्षयासारखी वाटू शकतात. त्याची रक्ततपासणी वेगळी असते आणि उपचारात सहसा दोन प्रतिजैविकं मिळून किमान सहा आठवडे घ्यावी लागतात.