पहिला पगार आणि दहावं वर्ष

समजा, एकीकडे महिना 30,000 आणि वर्षाला 8 टक्के वाढ. दुसरीकडे 22,000, पण शिकवणारा वरिष्ठ आणि त्या कौशल्यावर 15 टक्के वाढ. पाचव्या पगारवाढीला दोघांचा पगार जवळपास 44,000 वर येतो. एकूण कमाईत मात्र दुसरा दहाव्या वर्षीच पुढे जातो, हे कुणी सांगत नाही. घरी कर्जाचे हप्ते असतील तर 30,000 घ्यावेत, त्यात कमीपणा कसला?

आणि ही 15 टक्के सरासरी एकाच ठिकाणी चिकटून सहसा मिळत नाही. बरीचशी नोकरी बदलतानाच पदरात पडते. म्हणून मुलाखतीतच विचारावं, ‘माझं काम कोण तपासणार?’ नाव सांगता आलं नाही, तर ‘शिकायला मिळेल’ ही नुसती कमी पगाराची सबब समजावी.