‘डिअर सर’पासून पूर्ण नावापर्यंत

इंग्रजी व्यावसायिक पत्रात अनोळखी व्यक्तीला ‘डिअर सर’ आणि संस्थेला ‘डिअर सर्स’ असे संबोधण्याची रीत दीर्घकाळ निर्वेध चालली, कारण पत्र उघडणारा पुरुषच असणार हे गृहीत धरलेले असे. स्त्रीच्या वैवाहिक स्थितीचा उल्लेख टाळणारी ‘मिझ’ ही उपाधी अमेरिकेच्या सरकारी मुद्रणालयाने १९७२ मध्ये मान्य केली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मात्र ती १९८६ मध्ये स्वीकारली, परंतु समोरची व्यक्ती स्त्री की पुरुष, हेच ठाऊक नसेल तर या उपाधीचाही उपयोग नव्हता. ‘डिअर सर्स’ तर वकिली पत्रव्यवहारात आणखी कितीतरी वर्षे टिकून राहिले आणि लंडनच्या फ्रेशफील्ड्स या नामांकित वकिली संस्थेने ते २०१६ मध्ये सोडले.

ईमेल आल्यावर अडचण वाढली, कारण आता नाव दिसते, पण ते कसे वाचावे हे कळत नाही. जपानी नावे इंग्रजीत आडनाव शेवटी ठेवून लिहिण्याचा प्रघात मेइजी काळापासून होता. १ जानेवारी २०२० पासून जपान सरकारने आपल्या इंग्रजी कागदपत्रांत आडनाव आधी लिहिण्याचे ठरवले, त्यामुळे आज दोन्ही क्रम एकाच वेळी आढळतात. महाराष्ट्रातही शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि परदेशी वाचक तेच पहिले नाव समजतो.

समजा, एखाद्या मराठी संशोधकाचा ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारा मसुदा सुधारायचा आहे आणि प्राप्तकर्त्याचे नाव SASAKI Makoto असे दिसते. संपूर्ण कॅपिटल अक्षरांत लिहिलेला शब्द आडनाव असतो, तसेच स्वल्पविरामाआधीचाही, म्हणून सासाकी हे आडनाव निश्चित होते. माकोतो हे नाव मात्र स्त्रियांचेही असते, तेव्हा ‘सर’ काढावेच लागते. विद्यापीठाच्या पानावर प्राध्यापकपद दिसल्यास ‘डिअर प्रोफेसर सासाकी’ने लिंगाचा प्रश्नही मिटतो, पद न सापडल्यास ‘डिअर सासाकी-सान’ चालते, कारण ‘सान’ हा आदरार्थी प्रत्यय स्त्रीपुरुष दोघांनाही लागतो. जपानबाहेर ही सोय नसल्याने ‘डिअर’पुढे पूर्ण नाव, तेही त्या व्यक्तीने स्वतः लिहिलेल्या क्रमाने, ठेवणे हाच मार्ग उरतो. पदवी अंदाजाने जोडणे त्याहून धोक्याचे, कारण ब्रिटनमध्ये शल्यविशारद परंपरेने ‘डॉक्टर’ म्हणवून घेत नाहीत, आणि मसुदा सुधारणाऱ्याने मूळ लेखकाला ठाऊक नसलेली माहिती त्याच्या नावावर घुसवणे हा गंभीर दोष होय.

पूर्ण नावाच्या संबोधनाला एक मर्यादा आहे: ते एकगठ्ठा धाडलेल्या जाहिरातपत्रासारखे वाटते. म्हणून पहिल्याच वाक्यात प्राप्तकर्त्याच्या विशिष्ट लेखाचा किंवा मागील पत्राचा उल्लेख यावा, आणि उत्तर आल्यावर त्याखालील स्वाक्षरी जशी असेल तसेच पुढचे संबोधन करावे.