दोन मेशमध्ये सामाईक करंट सोर्स असेल तर काय करायचं? सुपरमेश

मागच्या व्याख्यानात आपण मेश पद्धत पाहिली. प्रत्येक खिडकीत एक करंट फिरतोय असं मानायचं, किर्चॉफचा व्होल्टेजचा नियम लावायचा, आणि जितक्या खिडक्या तितकी समीकरणं सोडवायची. त्यात सगळीकडे रेझिस्टर आणि व्होल्टेज सोर्स होते, त्यामुळे काही अडलं नाही. आज अडणार आहे.

वहीत एक सर्किट काढून घ्या. शेजारी शेजारी दोन खिडक्या. डावीकडच्या उभ्या फांदीत ३६ व्होल्टचा सोर्स आहे, त्याचं धन टोक वर. डाव्या खिडकीच्या वरच्या फांदीत ४ ओहम. उजव्या खिडकीच्या वरच्या फांदीत २ ओहम आणि उजवीकडच्या उभ्या फांदीत ६ ओहम. मधली उभी फांदी दोन्ही खिडक्यांची सामाईक. तिच्यात ३ अँपिअरचा करंट सोर्स, बाण वरच्या दिशेला, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ५ ओहमचा रेझिस्टर. खालची तार सगळ्यांना एकच. डाव्या मेशचा करंट i1, उजव्याचा i2, दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.

आता नेहमीच्या सवयीने डाव्या मेशचं समीकरण लिहायला घ्या. ३६ व्होल्ट, मग ४ ओहमवरचा ड्रॉप, मग मधली फांदी. ५ ओहमवर किती व्होल्टेज ते सांगता येईल, पण करंट सोर्सवर किती? इथे बरेच जण शून्य लिहून पुढे जातात. ते चूक आहे. आदर्श करंट सोर्स फक्त करंट किती ते ठरवतो. त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बाकीचं सर्किट ठरवतं, म्हणजे ते आपल्याला गणित सुटल्यावरच कळणार.

मग आत्तापुरतं त्याला नाव देऊ. सोर्स आणि ५ ओहम मिळून जी अख्खी मधली फांदी आहे, तिच्यावरच्या व्होल्टेजला v म्हणू, वरचं टोक धन धरून. आता दोन्ही मेशची समीकरणं लिहिता येतात:

```
36 = 4*i1 + v
v  = 2*i2 + 6*i2
```

अज्ञात तीन, समीकरणं दोन. पण नीट पाहा, v एकीकडे उजव्या बाजूला आहे, दुसरीकडे डाव्या बाजूला. बेरीज केली की तो उडतो:

```
36 = 4*i1 + 8*i2
```

हे समीकरण कुठल्या रस्त्याचं आहे? ३६ व्होल्टपासून निघा, ४ ओहम, २ ओहम, ६ ओहम, आणि खालच्या तारेने परत. म्हणजे मधली फांदी टाळून बाहेरून मारलेली पूर्ण फेरी. ह्याच फेरीला सुपरमेश म्हणतात. पुस्तकात सांगतात की करंट सोर्सची फांदी झाकून टाका आणि बाहेरच्या वळशावर नियम लावा. तो जादूचा नियम नाही, ही बेरीजच आहे, फक्त v न लिहिता केलेली. झाकताना अख्खी फांदी झाकायची, म्हणून ५ ओहमही समीकरणातून गेला.

एक गोष्ट मात्र सांभाळा. फेरी एक झाली म्हणून करंट एक झाला नाही. ४ ओहममधून i1 जातो, २ आणि ६ ओहममधून i2. सुपरमेशचा स्वतःचा असा करंट नसतो.

दुसरं समीकरण करंट सोर्सच देतो. मधल्या फांदीत i1 खाली जातो, i2 वर येतो, आणि सोर्सचा बाण वर आहे. म्हणून:

```
i2 - i1 = 3
```

पहिल्या समीकरणाला ४ ने भागलं तर i1 + 2*i2 = 9. त्यात i2 च्या जागी i1 + 3 घाला. 3*i1 + 6 = 9, म्हणजे i1 = १ अँपिअर आणि i2 = ४ अँपिअर. v निघतो ८ गुणिले ४, म्हणजे ३२ व्होल्ट.

आता चिन्हाची चूक झाली तर काय होतं ते बघू, कारण परीक्षेत मार्क इथेच जातात. समजा कुणी i1 - i2 = 3 लिहिलं. उत्तर येतं i1 = ५, i2 = २. बाहेरच्या फेरीत ताळा करा: ४ गुणिले ५ म्हणजे २०, ८ गुणिले २ म्हणजे १६, बेरीज ३६. ताळा जुळला! व्होल्टेजचा नियम ही चूक पकडूच शकत नाही, कारण चूक त्या समीकरणात नाहीच. पकडायची असेल तर मूळ आकृतीतल्या बाणाकडे परत जा आणि वरच्या नोडवर करंटचा नियम लावा. बरोबर उत्तरात डावीकडून १ येतो, सोर्समधून ३ येतात, उजवीकडे ४ जातात. चुकीच्या उत्तरात ५ आणि ३ येतात आणि फक्त २ जातात. लगेच उघडं पडतं.

पॉवरचा ताळाही करून टाकू. ५ ओहममधून ३ अँपिअर, म्हणजे १५ व्होल्ट. हे वरच्या ३२ मध्ये मिळवले की सोर्सच्या टोकांवर ४७ व्होल्ट. तो देतो १४१ वॅट, व्होल्टेज सोर्स देतो ३६, एकूण १७७. रेझिस्टर खातात ४, ४५ आणि १२८ वॅट, तेही १७७. म्हणजे ५ ओहम मेश करंटवर काहीच परिणाम करत नाही, पण सोर्सला किती व्होल्टेज पुरवावं लागेल ते बदलतो. तो विसरलात तर i1, i2 बरोबर येतील आणि पॉवर चुकेल.

करंट सोर्स बाहेरच्या कडेला, एकाच मेशमध्ये असेल तर हे काहीच करायचं नाही. त्या मेशचा करंट सरळ सोर्सइतका, चिन्ह पाहून लिहून टाकायचा.

श्रोत्यांमधून प्रश्न: सर, प्रयोगशाळेत आपण पॉवर सप्लाय करंट मोडवर ठेवतो. तिथे हेच उत्तर मिळेल का?

मर्यादेवर अवलंबून आहे. आपल्या सोर्सला ४७ व्होल्ट लागतायत. तुमच्या सप्लायवर कमाल ३० व्होल्टच लावलेले असतील, तर तो ३ अँपिअर देऊ शकणार नाही. तो ३० वर थांबेल आणि व्होल्टेज सोर्ससारखा वागायला लागेल. मग i2 - i1 = 3 हे समीकरणच खोटं, सुपरमेशही नको. साध्या दोन मेश लिहा, आता ५ ओहम त्यात परत येईल:

```
9*i1 - 5*i2 = 6
-5*i1 + 13*i2 = 30
```

सोडवलं तर i1 सुमारे २.४८ आणि i2 सुमारे ३.२६. म्हणजे मधल्या फांदीत ३ च्या जागी जेमतेम ०.७८ अँपिअर. बऱ्याच सप्लायवर त्या वेळी करंट मोडचा दिवा विझून व्होल्टेज मोडचा लागतो. मीटरवरचा आकडा गणिताशी जुळत नसेल तर आधी तो दिवा बघा, मग वही.