बंगाली शेजाऱ्यांना 'शुभो बिजोया' कधी म्हणायचे आणि त्यावर उत्तर काय येते?

यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात प्रसिद्ध आहे. नवरात्रात शहरात ठिकठिकाणी देवीचे मंडप उभे राहतात. या दिवसांत शेजारच्या बंगाली कुटुंबाला त्यांच्या भाषेत शुभेच्छा द्यायच्या असतील, तर शब्दांइतकीच वेळही सांभाळावी लागते.

'शुभो बिजोया' ही बंगाली लोकांची विजयादशमीची शुभेच्छा. ती सप्तमीला किंवा अष्टमीला देत नाहीत. बंगाली समजुतीप्रमाणे दुर्गा ही मुलाबाळांसह माहेरी आलेली लेक असते आणि दशमीला ती सासरी निघते. ती घरात असताना निरोपानंतरची शुभेच्छा देणे विचित्र वाटते. त्याआधी भेट झाली तर 'शारदीय शुभेच्छा' म्हणावे. अष्टमीला 'शुभो अष्टमी' म्हटले तरी चालते.

दशमीला पुरोहित पाण्यात आरशातले प्रतिबिंब पाहून देवीचे विधिपूर्वक विसर्जन करतो. मूर्ती मात्र त्यानंतरही मंडपात असू शकते. अनेक घरांत मूर्ती पाण्यात गेल्यावरच 'बिजोया' सुरू होते. त्यामुळे आपल्या मंडळाची मिरवणूक कधी आहे, यापेक्षा शेजाऱ्यांच्या पूजेचे विसर्जन झाले का, हे पाहावे.

आता प्रत्यक्ष प्रसंग पाहू. दसऱ्याच्या संध्याकाळी विसर्जन आटोपले आहे आणि मराठी घरातली मुलगी आपट्याची पाने घेऊन शेजारी जाते. ती वाकून नमस्कार करते आणि म्हणते, "शुभो बिजोया, काकीमा." काकीमा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "शुभो बिजोया. भालो थेको." म्हणजे 'सुखात राहा'. वडीलधाऱ्यांकडून असा आशीर्वाद मिळतो. बरोबरीची माणसे तेच शब्द परत म्हणतात किंवा 'आपनाकेओ', म्हणजे 'तुम्हालाही', असे उत्तर देतात. जवळच्या मित्राला 'तोमाकेओ' म्हणतात. पुरुष एकमेकांना आलिंगन देतात, त्याला 'कोलाकुली' म्हणतात. मग नारळाचे लाडू, म्हणजे 'नाडू', आणि खारी 'निमकी' पुढे येते. बिजोयाला आलेल्याला तोंड गोड केल्याशिवाय पाठवत नाहीत.

इथे मराठी माणसाची एक चूक हमखास होते. आपली 'काकू' ही बाई, पण बंगालीत 'काकू' म्हणजे काका! म्हणून शेजारच्या बाईंना 'काकीमा' आणि त्यांच्या यजमानांना 'काकू' म्हणावे.

दसऱ्याला जमले नाही तरी हरकत नाही. बिजोयाच्या भेटी कालीपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या दिवाळीतल्या अमावास्येपर्यंत चालतात. आपल्याकडे मात्र सोने दसऱ्यालाच वाटतात. त्यामुळे उशिरा गेल्यास आपट्याची पाने नेण्याची गरज नाही, 'शुभो बिजोया' पुरेसे आहे.