थकलेल्या सेलचा भार शेजाऱ्यांवर

ई-सायकलच्या एका पॅकमध्ये चार-चार सेल समांतर जोडलेले, आणि असे १३ गट एकापुढे एक. सेल ३.७ व्होल्टचा, म्हणून एकूण ४८.१. चढावर मोटर २० अँपिअर ओढते तेव्हा मात्र मीटर ४५.५ दाखवतो. उरलेले २.६ व्होल्ट अंतर्गत रोधात खर्ची पडतात: सेलचा ०.०४ ओहम, चौघांचा मिळून ०.०१, तेरा गटांचा ०.१३, गुणिले २०. प्रत्येक सेलच्या वाट्याला ५ अँपिअर.

एका सेलचा रोध दुप्पट झाला, की तो जेमतेम २.९ अँपिअर देतो. शेजारच्या तिघांवर ५.७ चा बोजा. गंमत म्हणजे जास्त तापतात ते धडधाकट तिघेच. गाडी उभी असताना हे कळत नाही. मोटर चालू ठेवून गटागटाचे व्होल्ट मोजावेत. हा गट ३.५० ऐवजी ३.४७ दाखवतो.