स्लाइडच्या आधीचे आठ चौकोन

नवं प्रेझेंटेशन उघडलं की पॉवरपॉइंट दोन चौकटी पुढे करतं. एकीत Click to add title असं लिहिलेलं असतं, दुसरीत Click to add subtitle. आपण विषयाचं नाव टाकतो, खाली तारीख टाकतो, दुसरी स्लाइड घेतो आणि तिथे ठिपके आपली वाट पाहत असतात. एका ठिपक्यापुढे चार शब्द, दुसऱ्यापुढे पाच. मग अक्षर जरा मोठं करून बघू, मागे निळा रंग देऊन बघू, असं करत अर्धा तास जातो. लोकांना नेमकं काय सांगायचं आणि कोणत्या क्रमाने सांगायचं, हे या अर्ध्या तासात कुणीही ठरवलेलं नसतं.

दोष सॉफ्टवेअरचा नाही. १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट आलं ते तयार मजकुराची नेटकी पानं करून देण्यासाठी. विचार आधी झालेला आहे, हे त्यात गृहीतच होतं. आपण मात्र त्याच खिडकीत विचारही करायला बसतो, आणि तिथे एका वेळी एकच स्लाइड मोठी दिसते. सगळ्या स्लाइड एकत्र पाहायची Slide Sorter नावाची सोय आहे, पण ती उपयोगी पडते स्लाइड बनल्यावर. तोवर प्रत्येकीवर मेहनत झालेली असते, आणि चाळीस मिनिटं घालवून केलेला आलेख अनावश्यक आहे हे कळूनही काढवत नाही. कागदावर एका मिनिटात खरडलेला चौकोन फाडताना कुणाचंच मन कचरत नाही.

ही युक्ती सिनेमावाल्यांची. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत प्रसंगांची रेखाटनं फळ्यावर ओळीने टाचून कार्टूनची गोष्ट आधी पक्की करू लागले. आपल्याकडे सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’च्या वेळी रीतसर पटकथेऐवजी प्रसंगांची शाईची रेखाटनं असलेली वही बाळगली होती आणि पैसे घालू शकतील अशा निर्मात्यांना ते ती दाखवत. म्हणजे ती वही चित्रीकरणाचा आराखडाही होती आणि आजच्या भाषेत बोलायचं तर प्रेझेंटेशनही. (निर्माते तरी पटले नाहीत, हे खरं. पण तो दोष वहीचा म्हणता येणार नाही.)

आता एक नेहमीचा प्रसंग घेऊ. पुण्यातली अठ्ठेचाळीस फ्लॅटची एक सोसायटी मनात आणा. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांना महिन्याला साधारण २,४०० युनिट वीज लागते आणि बिल येतं ३० हजार रुपये. गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत असं कमिटीला वाटतं. सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींना पंधरा मिनिटं मिळणार आहेत आणि शेवटी ठराव मंजूर करून घ्यायचा आहे.

पहिलं काम, डोक्यात आहे ते सगळं बाहेर काढणं. त्यासाठी चिकटचिठ्ठ्या बऱ्या, तीन इंची चौकोनी, आणि लिहायला जाड मार्कर. बॉलपेन नको, कारण बॉलपेनने त्या एवढ्याशा चिठ्ठीतही परिच्छेद मावतो. मार्करने सात-आठ शब्दांच्या पुढे जाता येत नाही, म्हणजे एका चिठ्ठीवर आपोआप एकच मुद्दा बसतो. आपल्या कमिटीच्या वीसेक चिठ्ठ्या होतात: सौरऊर्जा म्हणजे काय, पॅनेलचे प्रकार, सरकारी अनुदान, तीन ठेकेदारांची कोटेशनं, वॉरंटी, आपलं बिल, बचत, वर्गणी, गच्ची गळेल का, कुरडया कुठे वाळवायच्या. या टप्प्यावर क्रम लावायचा नाही आणि चिठ्ठी बाद करायची नाही. दोन्ही मोह होतात.

मग एक ए-फोर कागद घ्या, तीन वेळा दुमडा आणि उलगडा. आठ चौकोन तयार. प्रत्येक चौकोनात वर एक पूर्ण वाक्य लिहायचं आणि खाली एक ओबडधोबड चित्र. ‘वीजबिल’ हे वाक्य नव्हे, ते नुसतं मथळ्याचं लेबल झालं. ‘आपण लिफ्ट, पंप आणि दिव्यांवर महिन्याला ३० हजार घालवतो’ हे वाक्य. लेबलाशी कुणाचं भांडण होत नाही, म्हणून त्याने कुणाला पटतही नाही. वाक्य मात्र खरं की खोटं हे विचारता येतं.

आपल्या कमिटीचा पहिला कागद बहुतेक ‘सौरऊर्जा म्हणजे काय’पासून सुरू होईल, कारण ठेकेदाराचं माहितीपत्रक तिथूनच सुरू होतं. पण सभेत बसलेल्या माणसाला सूर्य काय करतो हे माहीत असतं. त्याला माहीत नसतं ते महिन्याचं बिल. म्हणून पहिल्या चौकोनात बिल येतं. दुसऱ्यात वाक्य लिहिलं जातं: ‘गच्चीवर २० किलोवॉटचे पॅनेल बसवले तर यातले सुमारे २५ हजार वाचतील.’ हिशोब सोपा आहे. एक किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिट धरली तर वीस किलोवॉटची महिन्याला २,४०० होतात. स्थिर आकार वगैरे चालूच राहतो, म्हणून बिल शून्यावर येत नाही. चित्र म्हणून दोन खांब काढायचे, एक उंच आणि एक बुटका. आकडे अचूक नसले तरी चालतील.

तिसऱ्या चौकोनात ‘एवढे पॅनेल गच्चीत मावतात’ असं लिहून चित्र काढायला घेतलं की हात थांबतो. एका किलोवॉटला शंभरेक चौरस फूट, म्हणजे दोन हजार चौरस फूट मोकळी जागा हवी. गच्चीचा चौकोन काढला, पण पाण्याच्या टाक्या कुठे? लिफ्टच्या खोलीची सावली कुठवर येते? बैठकीतल्या कुणालाच हे सांगता येत नाही. चित्र जमत नसेल तर त्यामागे बहुधा अशी न केलेली चौकशी दडलेली असते. कॉम्प्युटरवर हाच प्रसंग आला असता तर इंटरनेटवरून सौर पॅनेलचा एक झकास फोटो उचलून तिथे लावला गेला असता, आणि भोक बुजल्यासारखं दिसलं असतं. इथे कुणाला तरी टेप घेऊन वर जावं लागतं. उरलेल्या गच्चीत कुरडया वाळवता येतील का, याचंही उत्तर त्याच फेरीत मिळतं.

आठही चौकोन भरले की चित्रं झाकून फक्त वरची वाक्यं मोठ्याने वाचायची, आणि दर दोन वाक्यांच्या मधे कोणता शब्द बसतो ते पाहायचं. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसला तर साखळी जुळली. नुसतं ‘आणि’ बसत असेल तर त्या दोन चौकोनांची अदलाबदल करून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर तिथे ओघ नाही, नुसती यादी आहे. ‘पॅनेल दोन प्रकारचे असतात’ आणि ‘तीन कोटेशनं आली आहेत’ ही जोडी अशीच. दोन्ही चिठ्ठ्या बाजूला काढायच्या, फेकायच्या नाहीत.

आपल्या कागदावर खरी गोम निघते ती पैशांच्या चौकोनांत. किलोवॉटला पन्नास हजार धरले तर खर्च दहा लाख. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे ३ लाख ६० हजार. उरले ६ लाख ४० हजार. पुढच्या चौकोनात ‘म्हणून दर फ्लॅटला सुमारे १३,३०० रुपये वर्गणी’ असं लिहिलेलं. वाचताना तो ‘म्हणून’ खजिनदारांच्या घशाशी अडकतो, कारण अनुदान पॅनेल बसून चालू झाल्यावर खात्यात येतं. ठेकेदाराला त्याआधी पूर्ण दहा लाख द्यायचे आहेत. म्हणजे वाक्य बदललं पाहिजे: ‘आधी दर फ्लॅटला सुमारे २०,८०० रुपये भरायचे, अनुदान आलं की ७,५०० परत मिळतील.’ हे वाक्य सभेत गोड लागणार नाही. पण १३ हजारांचा ठराव करून नंतर २० हजारांची पावती फाडली तर काय होईल, हे सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

गच्ची गळण्याचा प्रश्न कुठे ठेवायचा, यावर कमिटीत वाद होईल. व्हायलाच हवा. खर्चानंतर शेवटी ठेवावा, असं बहुतेकांना वाटतं. मला वाटतं तो पैशांच्या आधी, चौथ्या चौकोनात यावा. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मनात दुसऱ्या मिनिटाला ‘अहो, स्लॅबला भोकं पाडणार का?’ हा प्रश्न उभा राहिला की पुढचा एकही आकडा त्यांच्या कानात शिरत नाही. सांगाडा स्लॅबवरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभारणार आणि त्याआधी वॉटरप्रूफिंग करून घेणार, हे तिथेच सांगितलं की त्या खर्च ऐकायला मोकळ्या होतात. मात्र वॉटरप्रूफिंगचा आकडा दहा लाखांत धरलाय का, हे कुणीतरी विचारणारच. तो धरलेला नाही. पाचव्या चौकोनावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

कागदाची मर्यादाही इथेच दिसते. ज्या आलेखाचा आकारच आकड्यांवर ठरतो, तो आकडे हाती आल्याशिवाय रेखाटू नये. पावसाळ्यात वीज किती कमी बनेल हे दाखवायचं तर आधी महिनावार आकडे मांडावे लागतील. नाहीतर आपल्याला हवी तशी रेघ आधी काढली जाते आणि मग आकडे तिच्या मापाने शोधले जातात. आणखी एक सावधगिरी, चित्र सुंदर होऊ लागलं की थांबा. सावल्या भरल्या, रंगीत पेनं आली, की तो चौकोनही टाकवेनासा होतो आणि आपण परत पॉवरपॉइंटच्याच खोड्यात अडकतो.

पंधरा मिनिटांना आठ चौकोन म्हणजे चौकोनामागे दोन मिनिटांहून थोडं कमी. घड्याळ लावून, कागद हातात धरून एकदा घरातल्या कुणाला तरी सांगून पाहावं. ऐकणाऱ्याने मधे थांबवलं ती जागा टिपून ठेवायची. शेवटच्या चौकोनात ‘धन्यवाद’ नको, ठरावाचं वाक्य हवं, कारण प्रश्नोत्तरं चालू असताना पडद्यावर तीच स्लाइड राहणार आहे.

आता सॉफ्टवेअर उघडायला हरकत नाही. पॉवरपॉइंटमध्ये View मधून Outline View घ्यायचं आणि कागदावरची आठ वाक्यं एकाखाली एक टाइप करायची; प्रत्येक वाक्यानंतर Enter दाबलं की नवी स्लाइड तयार होते. मग चित्रं, रंग, अक्षर. बाजूला ठेवलेल्या चिठ्ठ्यांपैकी वॉरंटी, कोटेशनं आणि पॅनेलचे प्रकार यांच्या स्लाइड आठव्या स्लाइडच्या मागे ठेवून द्यायच्या. त्यांचे क्रमांक हातातल्या कागदाच्या कडेला लिहून ठेवायचे. सभेत कुणी वॉरंटीचं विचारलं तर स्लाइड शो चालू असतानाच 9 दाबून Enter दाबलं की थेट ती स्लाइड येते, आणि 8 दाबून Enter दाबलं की पुन्हा ठराव.